अवतरणचिन्हांची किंमत

एखाद्या वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांचा संग्रह संगणकावर आहे आणि त्यातून मुंबईच्या काळा घोडा भागाबद्दल छापून आलेलं सगळं शोधायचं आहे. शोधाच्या चौकटीत दोन शब्द टाकले, की हव्या त्या लेखांबरोबर नको ते लेखही येतात. अग्रलेखात काळा पैसा आणि क्रीडापानावर बुद्धिबळातला घोडा असला, तरी तो अंक हजर. मग आपण ते दोन शब्द अवतरणचिन्हांत घालतो आणि यादी एकदम आवरते. आपल्या दृष्टीने दोन चिन्हं वाढली, एवढंच. पण ती चिन्हं कामाला येण्यासाठी संग्रहाच्या इंडेक्समध्ये आधीपासून किती भरून ठेवावं लागतं, हे बाहेरून दिसत नाही. बरेचदा इंडेक्सचा निम्म्याहून अधिक भाग याच सोयीसाठी खर्ची पडलेला असतो.

साध्या इंडेक्सचं काम पुस्तकाच्या शेवटी असलेल्या सूचीसारखंच असतं. प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या लेखांत आहे त्यांचे क्रमांक. तीन छोटे मजकूर घेऊ. पहिला: ‘काळा घोडा परिसरात आज गर्दी होती’. दुसरा: ‘शर्यतीत पांढरा घोडा पुढे आणि काळा मागे’. तिसरा: ‘काळा उमदा घोडा दारात उभा होता’. साध्या इंडेक्समध्ये ‘काळा’पुढे 1, 2, 3 असं लिहिलेलं असेल आणि ‘घोडा’पुढेही 1, 2, 3. दोन्ही याद्या जुळवल्या की तिन्ही मजकूर पास. यातला पहिलाच आपल्या कामाचा आहे, हे सांगण्याइतकी माहिती त्या इंडेक्सकडे नाहीच.

ती माहिती हवी असेल तर लेखाच्या क्रमांकाबरोबर शब्दाचाही क्रमांक नोंदवावा लागतो. लेखातला पहिला शब्द 1, दुसरा 2, असं मोजत जायचं. आता ‘काळा’ची नोंद अशी होते: पहिल्या मजकुरात 1, दुसऱ्यात 6, तिसऱ्यात 1. ‘घोडा’ची: पहिल्यात 2, दुसऱ्यात 3, तिसऱ्यात 3. अशा इंडेक्सला पोझिशनल इंडेक्स म्हणतात. अवतरणचिन्हांतला शोध आला की यंत्र आधी दोन्ही शब्द असलेले लेख काढतं आणि मग प्रत्येक लेखात बघतं, की ‘काळा’च्या क्रमांकात एक मिळवला तर ‘घोडा’चा क्रमांक येतो का. पहिल्या मजकुरात 1 आणि 2, जमलं. दुसऱ्यात 6 नंतर 7 हवा होता, आहे 3. तिसऱ्यात 2 हवा होता, आहे 3. मूळ मजकूर उघडून बघायची गरजच पडली नाही.

लेखात शब्दाची जागा नोंदवायची ही कल्पना संगणकापेक्षा फार जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसमधल्या डोमिनिकन संन्याशांनी ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची केली. तेव्हा बायबलच्या अध्यायांना आजच्यासारखे श्लोकांचे क्रमांक नव्हते. म्हणून त्यांनी प्रत्येक अध्यायाचे मनानेच सात भाग कल्पून त्यांना a ते g अशी अक्षरं दिली आणि शब्दापुढे अध्यायाबरोबर ते अक्षरही लिहिलं. नेमका शब्द नाही, पण अध्यायाचा साधारण कुठला भाग ते कळायचं. नोंद किती बारीक करायची आणि त्यासाठी किती चर्मपत्र खर्चायचं, हा हिशेब त्यांनाही चुकला नव्हता.

शब्दक्रमांक हाताशी आले की आणखी एक गोष्ट जमते. शब्द अगदी लागून नकोत, पण जवळपास हवेत, असा शोध घेता येतो. कायद्याच्या निकालांचा शोध घेणारे वकील हे कित्येक दशकं करत आले आहेत. एखादी संज्ञा आणि ‘नुकसानभरपाई’ हे शब्द निकालात कुठेतरी असून भागत नाही, एकाच वाक्यात किंवा पाचसात शब्दांच्या आत हवे असतात. वरच्या उदाहरणात मधे जास्तीत जास्त एक शब्द चालेल असं सांगितलं, तर तिसरा मजकूरही आत येतो. दोन चालतील म्हटलं आणि मागेपुढे झालं तरी हरकत नाही म्हटलं, तर दुसराही येतो, कारण तिथे ‘घोडा’ आणि ‘काळा’ यांच्यामध्ये ‘पुढे’ आणि ‘आणि’ एवढेच आहेत.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. ‘दोनच्या आत’ या आकड्याचा अर्थ सगळीकडे एक नसतो. मोबाइल फोनमध्येही असणाऱ्या SQLite या डेटाबेसच्या शोधविभागात, म्हणजे FTS5 मध्ये, NEAR पुढचा आकडा म्हणजे मधल्या शब्दांची संख्या, आणि तिथे क्रम बघितला जात नाही. ल्युसीन या प्रसिद्ध शोधप्रणालीत, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या इलॅस्टिकसर्चमध्ये, त्याला स्लॉप म्हणतात आणि तिथे मोजणी वेगळी आहे. शब्द सरकवून सरकवून हव्या त्या क्रमाने आणायला किती पावलं लागतील, ती संख्या. त्यामुळे ‘घोडा काळा’ असे लागून आलेले उलटे शब्दसुद्धा तिथे दोन पावलं खातात, आणि आपला दुसरा मजकूर चार पावलांशिवाय सापडत नाही. एका प्रणालीतून दुसरीत जाताना जुना आकडा तसाच उचलला, की काही निकाल गुपचूप गळतात आणि कुणी तक्रारही करत नाही, कारण न आलेला निकाल कुणाला दिसतो?

आता खर्चाकडे वळू. साध्या इंडेक्समध्ये एखादा शब्द एका लेखात कितीही वेळा आला तरी नोंद एकच. पोझिशनल इंडेक्समध्ये तो जितक्या वेळा आला तितक्या नोंदी. हजार शब्दांच्या बातमीत सरासरी एकदाच येणारा शब्द धरला, तर दोन्हींत फारसा फरक पडत नाही. पण तोच शब्द त्याच प्रमाणात लाख शब्दांच्या कादंबरीत शंभर वेळा येणार. साध्या इंडेक्समध्ये कादंबरीसाठीही नोंद एक, इथे शंभर. म्हणजे साध्या इंडेक्सचा आकार लेख किती आहेत आणि त्यांत वेगवेगळे शब्द किती आहेत यावर वाढतो, पोझिशनल इंडेक्सचा मात्र एकूण मजकुराच्या लांबीवर. दाबून बसवायच्या युक्त्या आहेत. क्रमांक पूर्ण न लिहिता मागच्या क्रमांकापासूनचं अंतर तेवढं लिहायचं. अंतर लहान असलं की ते एका बाइटमध्ये मावतं. तरी प्रत्येक शब्दामागे काहीतरी लिहावंच लागतं, त्यातून सुटका नाही.

SQLite च्या दस्तऐवजात या खर्चाची एक मोजणी दिलेली आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. डिस्कवर 1636 मेबिबाइट भरणाऱ्या ईमेलच्या साठ्याचा त्यांनी तीन प्रकारे इंडेक्स केला. नुसते कुठल्या ईमेलमध्ये कुठला शब्द, एवढंच ठेवलं तेव्हा इंडेक्स 134 मेबिबाइटचा झाला. त्यात शब्द विषयात आहे की मजकुरात, कुठल्या रकान्यात आहे, हे वाढवलं तेव्हा 340. आणि शब्दक्रमांकांसह पूर्ण इंडेक्स केला तेव्हा 743. मूळ साठ्याच्या आठ टक्क्यांवर भागणारं काम पंचेचाळीस टक्क्यांवर गेलं. दाबून साठवलेला पोझिशनल इंडेक्स मूळ मजकुराच्या साधारण 35 ते 50 टक्के जागा घेतो, असा इंग्रजीसारख्या भाषांसाठी पाठ्यपुस्तकांत दिलेला अंदाज आहे. ही मोजणी त्याच्या मधोमध बसते.

पण हा खर्च सगळ्या शब्दांमागे सारखा वाटला जात नाही. ‘घोडा’सारख्या शब्दांचा त्यात वाटा किरकोळ. खरं ओझं असतं ते इंग्रजीत the, of, and अशा शब्दांचं आणि आपल्याकडे ‘आणि’, ‘आहे’, ‘या’, ‘हे’ यांचं. म्हणजे जे शब्द कुणी स्वतंत्रपणे कधीच शोधत नाही, त्यांच्यासाठीच सर्वांत जास्त साठवण.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयाचं. हत्ती विसरत नाही या समजुतीवरून आपलाच शब्द त्यांनी नावात घेतला आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तकं स्कॅन करून त्यांच्या पूर्ण मजकुरात शोध द्यायचा, हे काम त्यांनी ल्युसीनवरच्या सोलर या प्रणालीवर उभं केलं. सुरुवातीच्या चाचण्यांत पाच लाख पुस्तकांच्या इंडेक्सवर एक शोध अवतरणचिन्हांत टाकला गेला: ‘द लाइव्ज अँड लिटरेचर ऑफ द बीट जनरेशन’. उत्तराला जवळजवळ दोन मिनिटं लागली. बाकीचे शोध झटपट होत होते, हा एकच का रेंगाळला?

कागदावर हिशेब मांडला की कारण दिसतं. इंग्रजी मजकुरात दर शंभर शब्दांमागे सहा तरी the असतात. सरासरी लाख शब्दांचं पुस्तक धरलं, तर एका पुस्तकात सहा हजार आणि पाच लाख पुस्तकांत 300 कोटी. एका क्रमांकाला एक बाइट धरला तरी फक्त the या शब्दाचे क्रमांक 3 गिगाबाइट होतात. the कुठल्या पुस्तकांत आहे याची यादी मात्र पाच लाख नोंदींची, म्हणजे अर्धा मेगाबाइटच्या आसपास. नुसते शब्द शोधताना ही छोटी यादी पुरते. अवतरणचिन्हं लागली की मोठी यादी डिस्कवरून आणावी लागते, तीही the, of आणि and अशा तिघांची. वेळ तिथे गेला.

जुन्या शोधप्रणाल्यांचं यावर एक सरळ उत्तर होतं: असे शब्द इंडेक्समध्ये घालूच नका. जागा भरपूर वाचते, पण मग हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगताचे सुरुवातीचे शब्द शोधता येत नाहीत, कारण ते सगळेच गाळीव. आपल्याकडे आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाची तीच गत होईल. ‘तो’ गेला, ‘मी’ गेला, उरला एकटा ‘नव्हेच’. हाथीट्रस्टने म्हणून दुसरी वाट धरली. नेहमीच्या शब्दांची एक छोटी यादी करायची आणि तिच्यातला शब्द आला की त्याची शेजारच्या शब्दाशी जोडी बांधून ती जोडी एक शब्द म्हणून इंडेक्समध्ये घालायची. ‘ऑफ-द’, ‘द-बीट’ अशा जोड्या. ‘द’च्या तुलनेत ‘द-बीट’ फारच दुर्मिळ, त्यामुळे तिच्या क्रमांकांची यादी लहान. दोन मिनिटांचा शोध काही सेकंदांवर आला. बदल्यात इंडेक्स आणखी फुगला, हे ओघाने आलंच. सगळ्याच शब्दांच्या जोड्या बांधल्या तर क्रमांकांची गरजच कमी होईल असं वाटतं, पण मग वेगवेगळ्या जोड्यांची संख्या हाताबाहेर जाते आणि ‘जवळपास’ हा शोध तर जमतच नाही. जोड्या नेमक्या जिथे दुखतं तिथेच बांधाव्यात, हे मला त्यातलं खरं शहाणपण वाटतं.

जागा वाचवायचा आणखी एक मार्ग आहे. इंडेक्समध्ये क्रमांक ठेवायचेच नाहीत. दोन्ही शब्द असलेले लेख आधी काढायचे आणि तेवढ्याच लेखांत नंतर खरोखर बघायचं. पोस्टग्रेस या डेटाबेसमधला नेहमीचा GIN इंडेक्स असंच वागतो. क्रमांक इंडेक्सबाहेर, मूळ नोंदीसोबत असतात आणि प्रत्येक उमेदवार नोंद उघडून तपासावी लागते. ‘काळा घोडा’साठी दोनशे लेख उघडावे लागले तर कुणाला कळणारही नाही. दोन्ही शब्द सगळीकडे आढळणारे असतील तर मात्र लाखो नोंदी उघडाव्या लागतील. तिथेही काटकसर आहेच: एका नोंदीत एका शब्दाचे जास्तीत जास्त 256 क्रमांक ठेवले जातात आणि 16383 च्या पुढचे सगळे शब्द 16383 व्या क्रमांकावरच आहेत असं मानलं जातं. अख्खी कादंबरी एकाच नोंदीत टाकली, तर तिच्या उत्तरार्धात अवतरणचिन्हांचा शोध आंधळा होतो. प्रकरणागणिक नोंद केली की ही अडचण सुटते.

मराठी मजकुराच्या बाबतीत या सगळ्याआधीच एक खड्डा आहे, आणि तो SQLite मध्ये सहज दिसतो. शब्दक्रमांक द्यायचे तर शब्द कुठे संपतो हे आधी ठरवायला हवं. FTS5 ची नेहमीची पद्धत युनिकोडमधल्या अक्षरांना आणि अंकांना शब्दाचा भाग मानते, बाकी सगळं तोडणारं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांची नोंद युनिकोडमध्ये ‘अक्षर’ म्हणून नाही, ‘चिन्ह’ म्हणून आहे. त्यामुळे ही चिन्हं तिथे स्वल्पविरामासारखी वागतात. ‘पाणी’चे दोन तुकडे होतात, ‘प’ आणि ‘ण’. ‘महाराष्ट्र’चे पाच: ‘मह’, ‘र’, ‘ष’, ‘ट’, ‘र’. एका शब्दाऐवजी पाच शब्दक्रमांक खर्च.

गंमत अशी, की तरीही शोध चालल्यासारखा वाटतो. ‘पाणी’ असा शोध टाकला की यंत्र त्याचेही तसेच दोन तुकडे करतं आणि ‘प’च्या लगेच पुढे ‘ण’ असा अवतरणचिन्हांचा शोध गुपचूप लावतं. पाणी सापडतं. पण ‘पुणे’सुद्धा सापडतं, ‘पेण’ आणि ‘पिणे’ही, कारण मात्रा काढल्यावर उरतं तेच. पाणीपुरवठ्याच्या बातम्यांमध्ये पुण्याच्या लग्नाच्या जाहिराती येऊ लागल्या तर संशय इथेच घ्यावा. दुसरी खूण अशी, की जागा वाचवायला क्रमांक बंद केले तर साधा एक शब्द शोधतानाही ‘phrase queries are not supported’ अशी तक्रार येते. तुम्ही शब्दसमूह विचारलाच नव्हता, यंत्राने तो तुमच्या शब्दातून बनवला. उपाय मात्र सोपा आहे. टेबल करतानाच चिन्हांचे दोन वर्ग, Mn आणि Mc, शब्दात धरायला सांगायचं:

```sql
CREATE VIRTUAL TABLE lekh USING fts5(
  majkur,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
SELECT rowid FROM lekh WHERE lekh MATCH '"काळा घोडा"';
SELECT rowid FROM lekh WHERE lekh MATCH 'NEAR(काळा घोडा, 2)';
```

हे केल्यावरही मराठीची एक अडचण उरते, ती विभक्तीची. बातमीत ‘काळा घोडा’ क्वचितच तसा येतो. येतं ते ‘काळ्या घोड्याजवळ’, ‘काळ्या घोड्याच्या चौकात’. अवतरणचिन्हं अक्षरश: मागतात ते देतात, त्यामुळे हे सगळे लेख हुकतात. एकीकडे आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्याने इंग्रजीतल्या of किंवा to सारखे सुटे शब्द कमी, म्हणून क्रमांकही कमी. दुसरीकडे त्याच चिकटण्यामुळे शब्दसमूहाचा शोध लंगडा. FTS5 मध्ये शब्दसमूहातल्या फक्त शेवटच्या शब्दाला तारा लावून ‘यापुढे काहीही’ म्हणता येतं, मधल्या शब्दाला नाही. म्हणून इथे जवळपासचा शोध कामी येतो: `NEAR(काळ* घोड*, 0)`. मधे एकही शब्द नको, पण दोन्हींची शेपटं मोकळी. त्याने ‘काळ्या घोड्याच्या’ पकडलं जातं. कधीतरी ‘काळजी घोडबंदरची’ असंही काही पदरात पडेल, पण हुकलेल्या लेखांपेक्षा हा कचरा परवडला.

आणि वाक्याचा पूर्णविराम. ‘रंग काळा. घोडा मात्र मालकाचा नव्हता.’ यातही ‘काळा’ आणि ‘घोडा’ यांचे क्रमांक लागूनच येतात, कारण विरामचिन्हाला क्रमांक मिळत नाही. ज्या प्रणालीत वाक्याच्या किंवा रकान्याच्या सीमेवर क्रमांक मुद्दाम पुढे ढकलता येतात तिथे हे टळतं. इलॅस्टिकसर्च एकाच रकान्यात अनेक मूल्यं असली तर त्यांच्यामध्ये शंभराची उडी मारतं, ते याचसाठी. ही उडी जवळपास फुकट पडते, कारण मधले क्रमांक कुठेच साठवलेले नसतात.

स्वत:चा संग्रह असेल तर इंग्रजी ईमेलवरची टक्केवारी तशीच लागू होईल असं धरून चालू नये. नमुन्याला काही हजार लेख घेऊन दोन टेबलं करावीत, एक असंच आणि दुसरं `lekh2` या नावाने, कंसात `detail=none` वाढवून. दोन्हींत तोच मजकूर भरून झाल्यावर इंडेक्सचे तुकडे एकत्र करायचे आणि मग आकार विचारायचा:

```sql
INSERT INTO lekh(lekh) VALUES('optimize');
SELECT sum(length(block)) FROM lekh_data;
```

`lekh2` साठीही हेच. मिळालेल्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे अवतरणचिन्हांचं तुमच्या संग्रहापुरतं बिल. ते जड वाटलं, तर मथळे आणि सारांश क्रमांकांसह एका टेबलात ठेवता येतात, आणि स्कॅनमधून आलेला, अर्धामुर्धा वाचला गेलेला लांबलचक मजकूर क्रमांकांशिवाय दुसऱ्यात. तसंही त्या मजकुरात शब्दच तुटलेले असल्याने दोन शेजारी शब्द धडपणे सापडण्याची शक्यता कमीच असते.